जिभेखालची गोळी आणि पहिली पाच मिनिटं

"मॅडम, ती जिभेखालची पाचची गोळी द्या एक पाकीट." तालुक्याच्या गावातल्या आमच्या औषधांच्या दुकानात आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ही मागणी होते. कुणी तिला सॉर्बिट्रेट म्हणतं, कुणी नुसतं 'हार्टची गोळी'. औषधाचं नाव आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट आणि पाच म्हणजे पाच मिलिग्रॅम. डॉक्टरांची चिठ्ठी पाहून मी गोळ्या देते आणि पैसे घेण्याआधी एक प्रश्न विचारते, "कशी घेता ही?" बावीस वर्षं काउंटरमागे काढल्यावर उत्तरं पाठ झाली आहेत. "घोटभर पाण्याबरोबर." "चावून." "फार दुखलं तर दोन एकदम." एका आजोबांनी तर सांगितलं, "दुखत असताना घ्यायला भीती वाटते, म्हणून दुखणं थांबलं की घेतो." जिभेखाली ठेवायची हे नावातच आहे, तरी ती पोटात जाते.

हा लेख ज्यांच्यामुळे लिहावासा वाटला ते आमचे जुने गिऱ्हाईक आहेत, निवृत्त शिक्षक. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना आपण गुरुजी म्हणू. वय सदुसष्ट. तीन वर्षांपूर्वी अँजिओग्राफीत हृदयाच्या एका धमनीत अडथळा सापडला. डॉक्टरांनी रोजच्या औषधांवर ठेवलं आणि छातीत दुखलंच तर जिभेखाली धरायला ही गोळी लिहून दिली. गुरुजींचं दुखणं ठरलेलं होतं. चढ चढला, ओझं घेऊन भरभर चाललं की छातीच्या मधोमध कुणी धान्याचं पोतं ठेवावं तसं दडपण यायचं. थांबलं की तीन-चार मिनिटांत ओसरायचं. याला डॉक्टर अँजायना म्हणतात. अरुंद झालेल्या धमनीतून बसल्या जागी पुरेल एवढं रक्त हृदयाच्या स्नायूला मिळतं, पण काम वाढलं की ते कमी पडतं आणि स्नायू दुखायला लागतो.

पहिला प्रसंग एसटी स्टँडवरचा. एप्रिलचे दिवस, सकाळचे अकरा. गाडी सुटेल म्हणून गुरुजी पिशवी घेऊन झपझप चालत आले आणि छाती भरून आली. खिशातली गोळी काढली, बाटलीतल्या पाण्याबरोबर गिळली आणि रांगेत उभे राहिले. दोन मिनिटांत काही फरक पडेना, तेव्हा आठवलं की ही जिभेखाली ठेवायची. दुसरी जिभेखाली ठेवली. जीव घाबरा झालेला, म्हणून आणखी दोन मिनिटांनी तिसरी. छातीतलं दडपण कमी व्हायला लागलं तोवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते खांबाला धरून खाली कोसळले. लोकांनी धावत येऊन त्यांना काखेत हात घालून उठवलं, बाकावर ताठ बसवलं आणि तोंडावर पाणी मारलं. ते पुन्हा कलंडले. सुदैवाने एका नर्सबाईंनी त्यांना आडवं केलं, पाय पिशवीवर उंच ठेवले, तेव्हा ते भानावर आले.

दुसऱ्या दिवशी कोपरावरची पट्टी दाखवत ते मला म्हणाले, "बाई, या गोळीनंच मला पाडलं." तक्रार खरी होती. गोळीनेच पाडलं होतं.

गिळलेली गोळी आधी पोटात जाते, तिथून आतड्यात, आणि आतड्यातून येणारं रक्त शरीरभर फिरण्याआधी लिव्हरमधून जातं. लिव्हर या औषधाचा बराचसा भाग तिथेच मोडून टाकतं. शिवाय हा सगळा प्रवास व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. जिभेखाली मात्र आरशात पाहिलं तर निळसर शिरा दिसतात. वरची त्वचा तिथे इतकी पातळ असते की विरघळलेलं औषध थेट त्या शिरांमध्ये उतरतं. त्या शिरांतलं रक्त मानेतून सरळ हृदयाकडे जातं, वाटेत लिव्हर लागत नाही. म्हणून दोन ते पाच मिनिटांत गुण यायला लागतो. गुरुजींची पहिली गोळी वेळेवर उपयोगी पडली नाही, पण ती वायाही गेली नव्हती. उशिरा का होईना, तिचा अंश रक्तात उतरणारच होता. तिच्यावर त्यांनी अवघ्या दोन मिनिटांच्या अंतराने आणखी दोन चढवल्या.

आता उभं राहण्याचं. पुष्कळांना वाटतं की ही गोळी ब्लॉक उघडते. तसं होत नाही. तिचा मोठा परिणाम हातापायांतल्या आणि पोटातल्या शिरांवर होतो. त्या सैलावतात, फुगतात आणि नेहमीपेक्षा जास्त रक्त त्यांच्यात साठून राहतं. हृदयाकडे परत येणारं रक्त तेवढं कमी होतं, हृदय कमी भरतं, कमी ताणलं जातं आणि त्याचं काम हलकं होतं. काम हलकं झालं की अरुंद धमनीतून येणारं थोडं रक्तही पुरतं. हृदयाच्या धमन्याही थोड्या सैलावतात. दुखणं थांबतं ते अशा रीतीने. पण उभ्या माणसाच्या पायांत आधीच रक्त उतरलेलं असतं. त्यात शिरा सैल झाल्या की रक्तदाब एकदम खाली येतो, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस पडतो. साठी-सत्तरीत असं पडणं म्हणजे खुब्याचं हाड मोडण्याची भीती.

म्हणून गोळी तोंडात टाकण्याआधी बसायचं. खुर्ची, कट्टा, जिन्याची पायरी, काही नसेल तर भिंतीला टेकून जमिनीवर. पाठीला टेका हवा. गाडी चालवत असाल तर आधी बाजूला घेऊन थांबवा. आडवं पडू नये का, असं लोक विचारतात. छातीत दुखत असताना सपाट झोपलं की पायांतलं रक्त हृदयाकडे परत येतं, म्हणजे जे ओझं आपण कमी करू पाहतोय तेच वाढतं, आणि दम लागत असेल तर तो आणखी लागतो. टेकून बसणं सगळ्यात बरं. मात्र चक्कर येऊन माणूस पडलाच, तर त्याला ताठ बसवायचं नाही. एसटी स्टँडवर नर्सबाईंनी केलं तसं आडवं ठेवून पाय उंच करायचे. तशात त्याच्या तोंडात आणखी गोळी घालायची नाही.

गोळी ठेवण्याची जागाही मी हल्ली जीभ वर करून दाखवते. मध्ये जी पातळ दोरी दिसते तिच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला, अगदी मागे ढकलून नव्हे, गोळी ठेवायची आणि जीभ हलकेच खाली टेकवायची. मग ती आपोआप विरघळू द्यायची. चघळायची नाही, चोखायची नाही, बोलायचं नाही. तोंडात लाळ साठते ती शक्यतो लगेच गिळायची नाही, कारण औषध त्या लाळेतच असतं. गिळली तर ते पुन्हा पोटाच्या वाटेने जातं. गोळी पूर्ण विरघळेपर्यंत पाणी, चहा काही नको.

घाबरलेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं. वयस्कर माणसांचं तर काही औषधांमुळे एरवीही कोरडं असतं. कोरड्या तोंडात गोळी तशीच पडून राहते आणि 'या वेळी लागू पडली नाही' असं वाटतं. अशा वेळी गोळी ठेवण्याआधी पाण्याचा छोटा घोट घेऊन तोंड ओलं करावं, पाणी गिळावं किंवा थुंकावं आणि मग गोळी ठेवावी. पाणी आधी, नंतर नाही. आमच्या भागात आणखी एक अडचण आहे. दाढेखाली तंबाखूची चिमूट असते, बायकांच्या हिरड्यांना मिश्री लागलेली असते. ती थुंकून, चूळ भरून टाकल्याशिवाय गोळी ठेवू नका. तंबाखूमुळे रक्तवाहिन्या आवळतात, गोळी त्या सैल करायला बघते. एकाच तोंडात दोघींना ठेवण्यात काय अर्थ?

गुरुजींचा दुसरा प्रसंग डिसेंबरातला. रात्री जेवून लगेच ते शतपावलीला निघाले. पोट भरलेलं, त्यात गार वारा. हृदयाच्या रुग्णाला या दोन गोष्टी एकत्र फार नडतात, कारण जेवल्यावर पचनासाठी हृदयाला जास्त काम पडतं आणि थंडीत रक्तवाहिन्या आवळतात. आठ चाळीसला देवळाजवळ छातीवर ओळखीचं दडपण आलं. या वेळी ते चालत राहिले नाहीत. पाराजवळ होते, तिथेच बसले आणि पिंपळाच्या बुंध्याला पाठ टेकवली. तोंड ओलं आहे ना ते जिभेने पाहिलं, एक गोळी जिभेखाली ठेवली आणि घड्याळ पाहिलं. आठ एकेचाळीस. आठ चव्वेचाळीसला दडपण सैल व्हायला लागलं, आठ पन्नासला गेलं. तरी ते लगेच उठले नाहीत. मुलाला फोन करून बोलावलं आणि तो येईपर्यंत पंधरा मिनिटं बसून राहिले. दुखणं गेलं तरी शिरा सैलच असतात, या गोळीचा अंमल तास-दोन तास राहतो. उठताना पाय खाली सोडून क्षणभर थांबायचं आणि मग आधार घेऊन उभं राहायचं.

त्या रात्री त्यांचं डोकं मात्र ठणकत होतं. "हे डोकं दुखणं म्हणजे काही बिघडलं नाही ना?" असं सकाळी विचारायला आले. हा प्रश्न औषधाइतकाच जुना आहे. १८४७ मध्ये इटलीतल्या तुरीन शहरात आस्कानिओ सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोग्लिसरीन बनवलं. त्याचा कण जिभेला लावून पाहिला तेव्हा त्याला जबर डोकेदुखी झाली. पुढे आल्फ्रेड नोबेलने त्याच द्रवापासून डायनामाइट बनवलं. त्या कारखान्यांतल्या कामगारांचं रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर आल्या आल्या डोकं दुखायचं. १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेल या डॉक्टरने अँजायनाच्या रुग्णांना याच द्रव्याचे अगदी थोडे थेंब दिले आणि त्यांचं दुखणं थांबलेलं पाहिलं. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, १८९६ मध्ये, खुद्द नोबेलला हृदयविकारासाठी डॉक्टरांनी तेच औषध लिहून दिलं होतं. शरीरात या औषधातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो आणि तो रक्तवाहिन्यांना सैल व्हायचा निरोप देतो, हे कोडं मात्र विसाव्या शतकात सुटलं, आणि त्या शोधाला १९९८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. आपली पाचची गोळी याच कुळातली. तिने हृदयाबरोबर डोक्यातल्या रक्तवाहिन्याही फुगतात, म्हणून डोकं ठणकतं, चेहरा तापतो. साधी पॅरासिटामॉल चालते. दुखणं पूर्ण थांबलं असेल आणि गोळीचा तुकडा अजून तोंडात शिल्लक असेल, तर तो थुंकून टाकला तरी चालतो. पण डोकं दुखतं म्हणून पुढच्या वेळी गोळी घ्यायचीच टाळणं चूक आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ असतो तो दुसऱ्या गोळीबद्दल. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक चिठ्ठ्यांवर डॉक्टरांनी एकच पद्धत लिहिलेली असते. बसा, एक गोळी ठेवा, घड्याळ पाहा, पाच मिनिटं थांबा. पाच मिनिटांनी दुखणं तसंच असेल किंवा वाढलं असेल तर आधी १०८ ला फोन करा आणि मग दुसरी गोळी ठेवा. आणखी पाच मिनिटांनी गरज असेल तर तिसरी. पंधरा मिनिटांत तीनपेक्षा जास्त नाही. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं अंतर किंवा वेगळी संख्या लिहिली असेल तर तुमच्यासाठी तेच खरं. काही जणांचा रक्तदाब मुळातच कमी असतो, त्यांना एकाच गोळीवर थांबायला सांगतात. चक्कर येत असेल, अंगाला घाम सुटून माणूस पांढराफटक पडत असेल, किंवा घरच्या मशीनवर वरचा आकडा नव्वदच्या खाली दिसत असेल, तर पुढची गोळी देऊ नका. फोन करून मदत येईपर्यंत आडवं ठेवा.

पूर्वी सांगायचे की तीन गोळ्या घेऊन पाहा आणि मग दवाखाना गाठा. त्यात पंधरा-वीस मिनिटं जायची, आणि त्यानंतर घरात चर्चा, "गॅसेस असतील," "सकाळी बघू." ज्यांची धमनी अरुंद आहे त्यांना गोळीचा गुण येतो. पण धमनीत रक्ताची गुठळी अडकून ती पूर्ण बंद झाली असेल तर हृदयाचा स्नायू मरायला लागलेला असतो, आणि ती गुठळी ही गोळी विरघळवू शकत नाही. दहा गोळ्यांनीही नाही. त्यासाठी इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी लागते, तीही जितक्या लवकर तितकी बरी. म्हणूनच फोन पाच मिनिटांवर आणून ठेवला आहे. आयसोसॉर्बाइडचा गुण कधी कधी सहा-सात मिनिटांनी येतो, हे खरं. त्यामुळे दुसरी गोळी घाईने ठेवायची गरज नाही, पण फोन पाच मिनिटांपुढे ढकलायचा नाही.

आणि काही वेळा पाच मिनिटंसुद्धा थांबायचं नसतं. गुरुजींचा तिसरा प्रसंग तसा होता.

फेब्रुवारीतली पहाट, पाच दहा. गुरुजी झोपेतून दचकून उठले. काहीही श्रम न करता छाती आवळल्यासारखी झाली होती, जबडा ठणकत होता आणि अंगाला गार घाम. त्यांचं नेहमीचं दुखणं चढावर यायचं आणि थांबल्यावर जायचं. हे तसं नव्हतं. काकूंनी त्यांना उशांना टेकवून बसवलं, एक गोळी जिभेखाली ठेवली आणि तिच्या गुणाची वाट न बघता पाच बाराला १०८ लावला. फोनवर काय बोलायचं ते कागदावर लिहून त्यांनी फ्रिजला चिकटवून ठेवलं होतं. "छातीत दुखतंय, हृदयाचे जुने पेशंट, वय सदुसष्ट, घाम सुटलाय," मग पत्ता आणि देवळाची खूण. डॉक्टरांनी आधीच चिठ्ठीवर लिहून दिल्याप्रमाणे ॲस्पिरिनची गोळी त्यांना चावून खायला दिली. इथे एक घोटाळा नेहमी होतो. ॲस्पिरिन चावायची असते, सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची असते. लोक उलट करतात. ज्यांना ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे किंवा पोटात रक्तस्राव होऊन गेला आहे, त्यांनी ती विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

पाच सतराला मशीनवर वरचा आकडा एकशे अठ्ठावीस होता, म्हणून दुसरी गोळी ठेवली. चार-पाच मिनिटांनी गुरुजी म्हणाले, "जरा कमी वाटतंय गं. त्यांना येऊ नको म्हणून सांग." काकूंनी ऐकलं नाही. त्यांनी दार उघडं ठेवलं, पुढचा दिवा लावला आणि फाईल, चालू गोळ्या पिशवीत भरल्या. धाकटा दीर मोटारसायकल घेऊन आला होता, "माझ्या मागे बसवतो, दहा मिनिटांत नेतो" म्हणत होता. त्यालाही त्यांनी थांबवलं. मोटारसायकलवर मागे बसलेला माणूस वाटेत शुद्ध हरपून पडला तर काय करणार? महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे. त्या गाडीत सहसा डॉक्टर असतो, ऑक्सिजन असतो, हृदय बंद पडलं तर झटका देण्याची सोय असू शकते. गाडी फारच लांबून यायची असेल तर तिथल्या माणसालाच विचारून चारचाकीतून निघावं, पण गाडी दुसऱ्याने चालवावी आणि जिथे ईसीजी निघतो तिथेच न्यावं. ईसीजी नसलेल्या दवाखान्यात 'आधी बघू तरी' म्हणून थांबू नये.

गाडी पस्तीस मिनिटांनी आली. तालुक्याच्या रुग्णालयात ईसीजीत अटॅक दिसला, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच दिलं आणि मग मोठ्या ठिकाणी हलवलं. दुपारी अँजिओप्लास्टी झाली. "कमी वाटतंय" म्हणून काकूंनी फोन परत केला असता तर काय झालं असतं, हे त्या आजही बोलून दाखवतात.

गोळीने बरं वाटणं ही खात्री नव्हे. उलटंही तितकंच खरं. अन्ननलिकेचा स्नायू आवळून छातीत दुखत असेल तर तिथेही ही गोळी गुण देते. त्यामुळे "गोळीने थांबलं म्हणजे हृदयाचंच होतं" आणि "गोळीने थांबलं नाही म्हणजे गॅसच होता," ही दोन्ही अनुमानं चुकीची. हृदयाचं आहे की नाही हे ईसीजी आणि रक्ततपासणीने ठरतं, घरी गोळी देऊन नाही. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तर छातीत न दुखता नुसता दम लागणं, वरच्या पोटात जळजळ, मळमळ, अचानक कमालीचा थकवा एवढंच जाणवू शकतं. त्यांच्या बाबतीत 'ॲसिडिटी असेल' हे वाक्य फार महागात पडतं.

काही दुखणी फोन करण्याइतकी तातडीची नसतात, पण त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावीत अशी असतात. आठवड्याला एक गोळी लागायची तिथे दोन-तीन लागायला लागल्या, चौथ्या मजल्यावर येणारं दुखणं पहिल्याच मजल्यावर येऊ लागलं, किंवा पूर्वी एका गोळीने जाणारं आता दोन घ्यायला लावतंय, तर धमनीत काहीतरी बदललं आहे असं समजावं. हे लक्षात यावं म्हणून गुरुजींनी पाराच्या प्रसंगानंतर कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केली होती. तारखेच्या चौकोनात वेळ, काय करत होतो आणि किती गोळ्या. तिसऱ्या प्रसंगाआधीच्या दहा दिवसांत त्या चौकोनांत चार नोंदी होत्या. आधीच्या दोन महिन्यांत मिळून तीन होत्या. हे त्यांनी नंतर पाहिलं.

ही गोळी दुसऱ्याला द्यायची नाही, हे सांगताना मला नेहमी थोडं कठोर व्हावं लागतं. "कुणाच्याही छातीत दुखलं की सॉर्बिट्रेट द्या" असे निरोप मोबाइलवर फिरत असतात आणि लोक सद्भावनेने शेजाऱ्याच्या तोंडात आपली गोळी घालतात. त्या शेजाऱ्याचा रक्तदाब आधीच खाली गेलेला असू शकतो. अटॅकच्या काही प्रकारांत हृदयाची उजवी बाजू बिघडलेली असते, तिथे या गोळीने रक्तदाब धाडकन कोसळतो. हृदयाची एक झडप फार अरुंद असेल तरीही धोका असतो. आणि एक गोष्ट लोक लाजेपोटी सांगत नाहीत. पुरुषांच्या लैंगिक तक्रारींसाठी मिळणारी सिल्डेनाफिल घेतली असेल तर चोवीस तास, आणि टाडालाफिल घेतली असेल तर अठ्ठेचाळीस तास ही गोळी चालत नाही. दोन्ही मिळून रक्तदाब जीवघेणा उतरू शकतो. घरच्यांसमोर बोलायचं नसेल तर गाडीतल्या डॉक्टरला एकट्याला सांगा, पण सांगा. जिला आपण 'बीपीची गोळी जिभेखाली' म्हणतो त्या निफेडिपिनच्या कॅप्सूलचं या गोळीशी काहीही नातं नाही. ती फोडून जिभेखाली टाकण्याची जुनी सवय धोक्याची आहे.

याच औषधाच्या नावाजवळ जाणारं आणखी एक औषध अनेकांच्या डब्यात असतं, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट. ते रोज गिळायचं असतं, सावकाश काम करतं आणि दुखत असताना जिभेखाली ठेवून त्याचा उपयोग होत नाही. गोळ्यांच्या डब्यात दोन्ही शेजारी असतील तर पाकिटांवर मोठ्या अक्षरात 'रोज' आणि 'दुखल्यावर' असं लिहून ठेवा. नाव वाचायला चष्मा लागतो, आणि पहाटे पाच वाजता चष्मा सापडत नाही.

गोळी ठेवायची कुठे? घरात उशाशी, आणि बाहेर जाताना अंगावर. पण पँटच्या मागच्या खिशात नाही, गाडीच्या डॅशबोर्डवरही नाही. तिथे ऊन आणि उब लागून ती निकामी होते. नायट्रोग्लिसरीनच्या काचेच्या बाटलीतल्या गोळ्या ज्यांना लिहून दिल्या आहेत त्यांनी तर त्या मूळ बाटलीतून काढूच नयेत. ते औषध हवेत उडून जातं, प्लास्टिकच्या डबीला आणि कापसाला शोषून जातं. बाटली उघडल्यावर ती किती दिवस चालते ते विचारून तिच्यावर तारीख लिहून ठेवावी. आयसोसॉर्बाइड जरा टिकाऊ आहे, तरी ते पाकिटातच बंद असावं. मोकळी गोळी कागदाच्या पुडीत गुंडाळून बटव्यात ठेवणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. ती पुडी उलगडली की आत चुरा निघतो.

गेल्या आठवड्यात काकू नवीन पाकीट घ्यायला आल्या होत्या. पर्समध्ये मावावं म्हणून त्यांनी पिशवीतून कात्री काढली आणि एक तुकडा कापायला लागल्या. मी त्यांचा हात धरला आणि कोपऱ्यात छापलेली तारीख दाखवली. ती एकाच टोकाला असते, कापलं की उरलेल्या गोळ्या कधीच्या ते कळत नाही. त्यांनी कात्री फिरवली, दुसऱ्या टोकाच्या दोन गोळ्या आधी वापरायच्या म्हणून कापून पर्समध्ये ठेवल्या आणि त्यांच्या पाठीवर पेनाने महिना आणि वर्ष लिहिलं. तारखेचा तुकडा गुरुजींच्या उशाशी ठेवायला घेतला.